पहिली चाल कितीला?

कॅरममध्ये ‘व्हाइट स्लॅम’ नावाचा प्रकार आहे. ब्रेक करणाऱ्याने पहिल्याच पाळीत आपल्या नऊच्या नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि राणी आत घातली की बोर्ड संपतो. समोरचा बोटांना पावडर लावून नुसता बसून राहतो, त्याच्या हातात स्ट्रायकर येतच नाही. पहिल्याला मिळणारा फायदा याहून उघडा कुठे दिसणार? कॅरमने त्यावरचा उपाय सरळ ठेवला आहे: ब्रेक आळीपाळीने. या बोर्डाला तुझी, पुढच्या बोर्डाला माझी. एक बोर्ड काही मिनिटांत उरकतो, म्हणून हे जमतं.

पण एकच डाव तीन-चार तास चालणार असेल, आणि त्या एकाच डावावर निकाल लागणार असेल, तर ‘पुढच्या वेळी तू आधी’ या आश्वासनाला फारसा अर्थ उरत नाही. मग फायद्याची भरपाई त्याच डावाच्या आत करावी लागते. ती करायची तर आधी फायदा येतो कुठून ते पाहायला हवं.

सगळ्यांना येणारा खेळ घेऊ, फुली-गोळा. नऊ घरं. पहिल्याला जास्तीत जास्त पाच खुणा करता येतात, दुसऱ्याला चार. दोघांनीही डोकं वापरलं तर डाव बरोबरीतच सुटतो. पण नियम पाळून जितके वेगवेगळे डाव खेळता येतील तेवढे सगळे मोजले, तर ते २,५५,१६८ भरतात. त्यातले १,३१,१८४ पहिल्याने जिंकलेले, ७७,९०४ दुसऱ्याने जिंकलेले आणि ४६,०८० बरोबरीचे. खेळाची अक्कल बाजूला ठेवून नुसत्या शक्यता मोजल्या तरी काटा इतका एका बाजूला झुकतो. कारण सोपं आहे. दोघांची शर्यत एकाच गोष्टीसाठी आहे, तीन खुणांची ओळ, आणि पहिला कायम एका खुणेने पुढे आहे. दुसऱ्याचा बराचसा वेळ अडवण्यातच जातो.

मात्र ‘एका चालीने पुढे’ असणं प्रत्येक खेळात तितकंच उपयोगी पडतं असं नाही. बुद्धिबळात कधीकधी अशी वेळ येते की पाळी आपली आहे हेच दुखणं होऊन बसतं. राजा आहे तिथे सुरक्षित असतो, पण काहीतरी हलवावंच लागतं आणि जे हलवाल त्याने डाव ढासळतो. खेळाडू याला जर्मन शब्दाने ‘झुगझ्वांग’ म्हणतात. कनेक्ट फोर हा उभ्या चौकटीत वरून चकत्या टाकायचा, चार चकत्यांच्या ओळीचा खेळ याहून मजेशीर आहे. १९८८ साली जेम्स अॅलन आणि व्हिक्टर अॅलिस या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तो पूर्ण सोडवला. पहिल्याने मधल्या उभ्या रांगेत चकती टाकली तर अचूक खेळून तो जिंकतो. मधलीच्या लगतच्या दोन रांगांपैकी एकीत टाकली तर बरोबरी. आणि कडेच्या चार रांगांपैकी कुठल्याही एकीत टाकली तर अचूक खेळणारा दुसरा जिंकतो. म्हणजे पहिली चाल मिळणं हा फायदा खरा, पण ती वाया घालवायची सोयही खेळातच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच उपयोग करायचा आहे.

आता हेक्स. या लेखातला माझा सगळ्यात आवडता खेळ हाच, आणि पहिल्याच्या फायद्याचं गणित जितकं स्वच्छ इथे दिसतं तितकं इतरत्र क्वचितच. डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी तो १९४२ मध्ये मांडला. पुढे १९४८ च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये गणितज्ञ जॉन नॅश यांना तोच खेळ स्वतंत्रपणे सुचला. पट मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांचा, तिरक्या चौकोनाच्या आकाराचा, बहुतेक वेळा ११ × ११. लाल खेळाडूला वरची कड खालच्या कडेला जोडायची असते, निळ्याला डावी उजवीला. पाळी आली की आपल्या रंगाची एक सोंगटी कुठल्याही रिकाम्या घरात ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलत नाही आणि मरतही नाही. नियम संपले.

या खेळात बरोबरी होऊच शकत नाही. सगळा पट भरला तर दोघांपैकी एकाचा रस्ता जोडला गेलेलाच असतो. वरून खाली जाणारी भिंत पूर्ण झाली तरच डावीकडून उजवीकडे जाणारी वाट बंद होते, आणि भिंतीत फट राहिली तर ती फट हीच वाट.

आता नॅश यांचा युक्तिवाद पाहा. घटकाभर धरून चाला की दुसऱ्या खेळाडूकडे हमखास जिंकण्याची एक युक्ती आहे, पहिल्याने काहीही केलं तरी चालणारी. मग पहिला काय करेल? पहिली सोंगटी डोळे मिटून कुठेतरी ठेवून देईल आणि ती ठेवलीच नाही असं समजेल. आता त्याच्या हिशोबाने समोरचा ‘पहिला’ आणि तो स्वतः ‘दुसरा’. मग ती हमखास युक्ती तोच वापरेल. कधीतरी युक्ती सांगेल की अमुक घरात ठेव, आणि नेमकी तिथे त्याची सुरुवातीची सोंगटी आधीच असेल. हरकत नाही, तो पुन्हा कुठेतरी एक सोंगटी ठेवेल आणि पुढे जाईल. हेक्समध्ये आपली जादा सोंगटी आपल्याला कधीच नडत नाही, झाली तर मदतच. म्हणजे पहिलाही हमखास जिंकणार आणि दुसराही हमखास जिंकणार, जे अशक्य आहे. तेव्हा दुसऱ्याकडे अशी युक्ती असूच शकत नाही. बरोबरी होत नाही, म्हणून अचूक खेळला तर जिंकणारा पहिलाच.

याला ‘युक्ती चोरण्याचा’ युक्तिवाद म्हणतात आणि चोरी अगदी सफाईदार आहे. पण त्याने पहिल्याला जिंकायचं कसं ते सांगितलं का? अजिबात नाही. जिंकण्याची वाट आहे एवढंच सिद्ध झालं, ती कुठून जाते ते नाही. लहान पटांवर संगणकांनी ती शोधून काढली आहे. ९ × ९ च्या पटावर तर कुठल्या घरातली पहिली सोंगटी जिंकून देते आणि कुठली हरवते, हे प्रत्येक घराबद्दल ठाऊक आहे. ११ × ११ वर माणसं अजून अंदाजानेच खेळतात.

हा युक्तिवाद सरसकट सगळीकडे लावायचा मोह होतो, तो टाळावा. त्याचा सगळा भार ‘जादा सोंगटी कधीच नडत नाही’ या एका वाक्यावर आहे. फुली-गोळ्यात ते खरं आहे, हेक्समध्ये खरं आहे. बुद्धिबळात झुगझ्वांग असल्यामुळे ते खरं नाही, म्हणून पांढरा निदान हरत तरी नाही एवढंसुद्धा या मार्गाने सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष स्पर्धांत पांढऱ्याच्या वाट्याला येणारे गुण साधारण ५२ ते ५६ टक्क्यांच्या दरम्यान राहत आले आहेत, पण तो अनुभव झाला.

तर हेक्समध्ये अडचण अशी की पहिली सोंगटी पटाच्या मध्यावर ठेवली की पुढचा डाव बराचसा एकतर्फी होतो. उपाय काय? आपल्याकडे दोन भावंडांत खोबऱ्याची वडी वाटायची असली की घरातलं मोठं माणूस सांगतं: एकाने कापायची, दुसऱ्याने आधी उचलायची. कापणारा मग सुरी अशी धरतो की सोनाराने तराजू धरावा. हेक्सचा अदलाबदलीचा नियम नेमका हाच आहे. पहिला एक लाल सोंगटी ठेवतो. मग दुसरा ठरवतो: निळा राहून पुढे खेळायचं, की ‘बदल’ म्हणून ती लाल बाजूच आपली करून घ्यायची. बदल केला तर पहिला आता निळा झाला आणि चाल त्याची.

हे कसं चालतं ते चार घरांच्या पटावर पूर्ण पाहता येतं. कागदावर काढा:

```
अ   ब
  क   ड
```

खालची ओळ अर्धं घर सरकलेली आहे. त्यामुळे ब आणि क एकमेकांना चिकटतात, अ आणि ड मात्र चिकटत नाहीत. लालला वरची ओळ (अ, ब) खालच्या ओळीला (क, ड) जोडायची आहे. निळ्याला डावी बाजू (अ, क) उजव्या बाजूला (ब, ड).

लालने ब घेतलं तर? ब च्या खाली दोन घरं लागतात, क आणि ड. निळा एक अडवेल, लाल दुसरं घेईल. डाव खलास. आता लालने अ घेतलं असं धरा. अ च्या खाली एकच घर लागतं, क. निळा तेच घेतो. त्याने लालची वाट तर अडलीच, शिवाय क हे डाव्या कडेवर आहे आणि त्याला उजवीकडची ब आणि ड दोन्ही लागतात. लाल एक अडवेल, निळा दुसरं घेईल. निळा जिंकला. तसंच उरलेल्या दोन घरांचं: क ही ब सारखीच जिंकणारी सुरुवात, ड ही अ सारखीच हरणारी.

आता अदलाबदलीचा नियम लावा. पहिल्याने ब ठेवलं तर दुसरा बदल करून लाल होईल आणि जिंकेल. पहिल्याने अ ठेवलं तर दुसरा बदल न करता निळा राहील आणि जिंकेल. काहीही ठेवा, अचूक खेळणारा दुसराच जिंकतो! म्हणजे गणिताच्या दृष्टीने या नियमाने फायदा नाहीसा केला नाही, उचलून दुसऱ्याच्या खिशात टाकला. हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा फसवल्यासारखं वाटतं.

तरीही नियम प्रत्यक्षात उत्तम चालतो, कारण तो माणसांच्या अज्ञानावर उभा आहे. ११ × ११ च्या पटावर १२१ घरं आहेत. त्यातली काही उघडच जबरदस्त, मध्याजवळची. काही उघडच फुसकी, लांबच्या कोपऱ्यातली. मधे एक पट्टा असा आहे की तिथली सोंगटी जिंकून देणारी आहे की हरवणारी, हे भल्याभल्या खेळाडूंनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. पहिला त्या पट्ट्यातलं घर शोधतो, बहुधा कडेच्या आसपासचं. दुसऱ्याला बदल करू की नको हा खराखुरा प्रश्न पडतो, आणि तिथून पुढचा डाव बरोबरीच्या माणसांचा होतो.

यातूनच नियमाच्या मर्यादाही कळतात. खेळात बऱ्या-वाईट दोन्ही प्रकारच्या सुरुवाती असल्या तरच कापण्यासारखी वडी असते. फुली-गोळ्यात नऊच्या नऊ सुरुवाती शेवटी बरोबरीतच जातात, तिथे बदलून काय मिळणार? शिवाय नियम दोघांसाठी आहे, चौघांच्या पटावर तो बसवणं अवघड. आणि सुरुवातीच्या घरांचा अभ्यास जितका वाढेल तितका तो अज्ञानाचा पट्टा अरुंद होत जातो.

असा अभ्यास वाढल्यावर काय होतं ते गोमोकूने दाखवून दिलं. गो नावाच्या खेळाच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पाचची ओळ करायची, एवढाच खेळ. काळा आधी खेळतो, आणि १५ × १५ च्या पटावर काळा हमखास जिंकू शकतो हे अॅलिस यांनीच १९९० च्या दशकात संगणकाने दाखवलं. जाणत्या खेळाडूंना त्याच्या कितीतरी आधीपासून ते माहीत होतं. म्हणून जपानमध्ये रेंजू हा सुधारलेला प्रकार आला. त्यात फक्त काळ्यावर बंधनं आहेत. एकाच चालीत दोन्ही टोकं मोकळी असलेल्या दोन तिनाच्या ओळी करायच्या नाहीत, दोन चाराच्या ओळी करायच्या नाहीत, पाचापेक्षा लांब ओळ करायची नाही. पांढऱ्याला सगळं माफ.

ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण मला हा मार्ग कधीच फारसा पटला नाही. घोड्याच्या पायात साखळी घालून शर्यत बरोबरीची करण्यासारखं आहे ते. किती वजनाची साखळी घालायची हे कोण ठरवणार? आणि झालंही तसंच. २००१ मध्ये सिद्ध झालं की ही बंधनं पाळूनही, सुरुवातीवर आणखी काही नियम नसतील तर, काळाच जिंकतो. नवशिक्याला मात्र त्या बंधनांचा त्रास पहिल्या दिवसापासून. आपण हरलो ते पाचची ओळ अडवता आली नाही म्हणून नव्हे, निषिद्ध जागी सोंगटी ठेवली म्हणून, हे त्याला पचत नाही.

गोमोकूच्या स्पर्धांनी शेवटी वडीवाला मार्ग घेतला, पण दोनदा कापायचा. त्याला स्वॅप-टू म्हणतात. पहिला खेळाडू एकदम तीन सोंगट्या ठेवतो, दोन काळ्या आणि एक पांढरी, हव्या तिथे. दुसऱ्यापुढे तीन वाटा असतात. काळा रंग घ्यावा, किंवा पांढरा घेऊन पुढची चाल करावी. दोन्ही नको असतील तर आणखी एक काळी आणि एक पांढरी सोंगटी ठेवून रंग निवडायचा हक्क परत पहिल्याला द्यावा. ही तिसरी वाटच खरी खुबी आहे. पहिल्याने घरी बसून एखादी तीन सोंगट्यांची मांडणी महिनाभर घोटली असेल, वरवर समतोल दिसणारी पण तिचे खाचखळगे फक्त त्यालाच ठाऊक असलेली, तर दुसरा ती दोन सोंगट्यांनी विस्कटून टाकू शकतो. आता कापणारा तो आणि उचलणारा पहिला.

मूळ दुखणं वेगळ्या जागी पकडणारा आणखी एक उपाय याच घराण्यात निघाला: कनेक्ट-सिक्स. सहाची ओळ करायची. पहिला पहिल्या पाळीत एकच सोंगटी ठेवतो, नंतर दोघेही प्रत्येक पाळीत दोन-दोन. मोजून पाहा. पहिल्याने एक ठेवली, १–०. दुसऱ्याने दोन, १–२. पहिल्याने दोन, ३–२. दुसऱ्याने दोन, ३–४. प्रत्येक पाळी संपताना नुकताच खेळलेला एका सोंगटीने पुढे. फुली-गोळ्यात पहिला कधीच मागे पडत नव्हता, इथे आघाडी दर पाळीला हात बदलते. इथे बंधन नाही आणि अदलाबदलही नाही, फक्त पाळ्यांची लय बदलली.

चौघांच्या खेळात हीच लय ‘कटान’मध्ये दिसते. सुरुवातीची गावं वसवताना क्रम १, २, ३, ४ असा जातो आणि दुसऱ्या गावासाठी तिथूनच उलटा फिरतो: ४, ३, २, १. पहिल्याला सगळ्यात चांगली जागा मिळते, पण त्याचं दुसरं गाव सगळ्यांच्या शेवटी. चौथ्याला उरलेलं मिळतं, पण लागोपाठ दोनदा. घरी खेळताना हा उलटा क्रम विसरून पुन्हा एकपासून सुरुवात केली की चौथा खेळाडू दहा मिनिटांतच कंटाळलेला दिसतो, हा स्वानुभव आहे.

इथपर्यंतच्या सगळ्या उपायांत फायदा किती हे कोणी मोजलं नव्हतं. गो या खेळात ते मोजता येतं, कारण तिथे निकाल नुसता हार-जीत नसतो, किती गुणांनी तेही कळतं. १९ × १९ रेषांच्या पटावर जास्त प्रदेश घेरायचा. काळा आधी खेळतो. मग पांढऱ्याला शेवटी भरपाईचे काही गुण द्यायचे, त्यांना ‘कोमी’ म्हणतात. वर अर्धा गुण ठेवायचा म्हणजे बरोबरीचा प्रश्नच उरत नाही.

जुन्या जपानमध्ये कोमी नव्हती. काळ्याला फायदा आहे हे सगळ्यांना मान्य होतं आणि तो आळीपाळीने किंवा दर्जानुसार वाटला जाई. एकोणिसाव्या शतकातले थोर खेळाडू शुसाकू यांची एक गोष्ट सांगतात. एका महत्त्वाच्या डावाहून परतल्यावर निकाल काय लागला असं त्यांना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, “मी काळ्याने खेळलो.” उत्तर पूर्ण होतं.

विसाव्या शतकात स्पर्धा एका-एका डावावर ठरू लागल्या आणि १९३० च्या दशकापासून कोमी रुजली. जपानमध्ये पुढे ४.५, मग ५.५ आणि २००० नंतरच्या काही वर्षांत ६.५ असा आकडा वाढत गेला. दर वेळी कारण एकच. व्यावसायिक डावांची बेरीज मांडली की काळा निम्म्याहून थोडे जास्त डाव जिंकताना दिसे.

हा आकडा एका फटक्यात का सापडला नाही? कोमी नसताना काळा सरासरी किती गुणांनी जिंकतो ते पाहून तेवढी कोमी ठेवली की झालं, असं आपल्याला वाटेल. पण कोमी नसताना काळ्याला एका गुणानेही जिंकून चालत होतं. आघाडी हातात आहे म्हटल्यावर तो जोखीम कशाला घेईल? तो भक्कम, सावध चाली करायचा, आणि त्यात काही गुण सोडूनही द्यायचा. पांढऱ्याला मात्र गोंधळ माजवावा लागायचा. त्या डावांतून मोजलेला फायदा खऱ्यापेक्षा कमी दिसणारच. कोमी लावल्यावर काळ्याला तेवढे गुण भरून काढायला धाडसाने खेळणं भाग पडलं, आणि त्याची ताकद खरी किती ते दिसू लागलं. माप लावलं की मापायची वस्तूच बदलते, असा हा प्रकार.

चीनमध्ये मात्र कोमी ५.५ वरून थेट ७.५ वर गेली, मधला ६.५ वगळून. यामागे गणित आहे. चिनी पद्धतीत सोंगट्या आणि घेरलेल्या जागा दोन्ही मोजतात, त्यामुळे दोघांची बेरीज पटावरच्या एकूण ३६१ बिंदूंइतकी होते, क्वचितचे अपवाद सोडले तर. ३६१ हा विषम आकडा, म्हणून दोघांतला फरकही विषमच येतो. काळ्याचे १८३ झाले तर पांढऱ्याचे १७८, फरक ५. काळ्याचे १८४ तर पांढऱ्याचे १७७, फरक ७. मधे ६ येतच नाही. आता कोमी ५.५ असो की ६.५, १८३ वाला काळा हरतो आणि १८४ वाला जिंकतो. दोन्ही आकडे एकच! निकाल बदलायचा तर ७.५ वरच जावं लागतं, म्हणजे काळ्याला जिंकायला १८५ लागतात. खरी न्याय्य कोमी ७ च्या आसपास आहे असा आजच्या बलाढ्य गो-प्रोग्रॅमांचा कौल आहे, आणि ७.५ वर ते पांढऱ्याला किंचित सरस मानतात. ७ ठेवली तर अगदी न्याय्य होईल, पण मग बरोबरी होऊ शकते आणि बाद फेरीच्या स्पर्धेत ती कोणालाच नको असते.

आणखी एक बारकावा. कोमी ७ म्हणजे पहिली चाल ७ गुणांची, असं नाही. काळा सुरू करतो तेव्हा फरक त्याच्या बाजूने ७ चा. पांढऱ्याने सुरू केलं असतं तर त्याच्या बाजूने ७ चा. म्हणजे चाल करण्यात आणि ती समोरच्याला देण्यात अंतर १४ गुणांचं आहे. पहिल्याच्या पदरात त्यातलं निम्मंच पडतं, कारण त्याच्या मागोमाग दुसराही जवळजवळ तेवढीच मोठी चाल करतो. पट जसजसा भरतो तसतशा चाली लहान होत जातात आणि शेवटी एक-एक गुणावर येतात. ज्या खेळात सुरुवातीच्या चाली प्रचंड आणि नंतरच्या किरकोळ, तिथे पहिल्याचा फायदा मोठा. ज्या खेळात चालींचं मोल सुरुवातीपासून शेवटपर्यंत हळूहळू वाढत जातं, तिथे तो जवळजवळ जाणवत नाही. सापशिडीत पहिला फासा टाकणाऱ्याबद्दल कोणी भांडत नाही. तिथेही तो एका पाळीने पुढे असतोच, पण एखादा साप त्या पाळीचं मोल कुठल्या कुठे नेतो.

आता समजा तुम्ही स्वतः दोघांचा एक खेळ बनवला आहे, पुठ्ठ्याचा पट आणि बटणांच्या सोंगट्या, आणि पहिल्याला फायदा आहे का ते पाहायचं आहे. मित्रांना बसवून १०० डाव खेळवलेत, पहिला ५५ जिंकला. फायदा आहे? सांगता येत नाही. नाणं १०० वेळा उडवलं तरी छापा ५० च्या आगेमागे पाचेकांनी सहज हलतो. ५५ टक्के हा आकडा खरा आहे असं थोड्या विश्वासाने म्हणायला साधारण ४०० डाव लागतात. फायदा ५२ टक्क्यांचाच असेल तर तो दिसायला २,५०० च्या घरात डाव हवेत. फरक निम्मा झाला की डाव चौपट, असा हिशोब आहे. शिवाय नवशिक्यांच्या डावांत फायदा दिसत नाही, कारण ते मिळालेली चाल वाया घालवतात, कनेक्ट फोरच्या कडेच्या रांगेत चकती टाकणाऱ्यासारखी. खेळ विकला जातो, लोक त्यात तरबेज होतात, आणि दोन वर्षांनी फायदा डोकं वर काढतो. छापून झालेल्या खोक्यातला नियम तेव्हा बदलता येत नाही.

म्हणून ज्याच्याजवळ २,५०० डाव नाहीत त्याने स्वतः आकडा ठरवायच्या भानगडीत पडू नये, तो खेळणाऱ्यांकडून ठरवून घ्यावा, असं माझं मत. गोमध्येही हे करता येतं: एकाने कोमीचा आकडा बोलायचा, दुसऱ्याने रंग निवडायचा. वडीच, फक्त गुणांत कापलेली. बुद्धिबळात याचं लिलावाचं रूप आहे. बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरायचं, आणि त्या सवलतीच्या बदल्यात काळ्याला घड्याळात कमी वेळ. किती कमी? दोघांनी आपापला आकडा गुपचूप लिहून द्यायचा, कमी वेळात भागवायला तयार असेल त्याला काळी बाजू. २०१० च्या अमेरिकन अजिंक्यपदाचा शेवटचा निर्णायक डाव असाच झाला. गाटा काम्स्कीने युरी शुलमनपेक्षा कमी वेळ मागितला, काळी बाजू घेतली आणि डाव बरोबरीत सोडवून विजेतेपद नेलं. एरवी ज्या रंगाला मागे पडलेला समजतात, तो रंग मिळावा म्हणून दोघांनीही त्या दिवशी आपल्या घड्याळातली मिनिटं मोजून दिली होती.